गावचा टीसी जळला, लाईट गेली, पाणीही थांबलं: तक्रार कुणाकडे आणि कशाच्या आधारावर करायची?

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिक्कोडी या भागांतून पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे जवळपास तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले सगळ्यांत जास्त एकाच प्रसंगाचे असतात: गावातला ट्रान्सफॉर्मर जळतो, दोन-तीन दिवस अंधार राहतो आणि बोअरची मोटर बंद पडून नळही कोरडे पडतात. त्याच प्रसंगाला धरून ही उत्तरं लिहिली आहेत. ट्रान्सफॉर्मरला आपल्याकडे सगळे टीसी म्हणतात, इथंही तेच म्हटलं आहे.

लाईट गेली की बिघाड नेमका कुठं आहे हे आम्हाला कसं कळणार?

आधी शेजारी बघा. तुमच्याच घरात अंधार असेल तर बिघाड मीटर, एमसीबी किंवा खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचा. एकाच गल्लीत काही घरांत लाईट आहे, काहींत नाही, असं असेल तर बहुतेक एक फेज गेलेला असतो, म्हणजे टीसीजवळचा एखादा फ्यूज उडालेला असतो. अशा वेळी घरातले दिवे लागलेले दिसतात, पण पाण्याची तीन फेजची मोटर चालत नाही, नुसती घुमते. ती तशीच चालू ठेवली तर जळते, म्हणून लगेच बंद करायला सांगा.

एका टीसीवरची सगळी घरं एकदम गेली आणि गावाचा दुसरा भाग चालू आहे, तर संशय टीसीवर. मोठा आवाज झाला, तेल गळून खाली पडलंय, जळका वास येतोय, नवा फ्यूज घातला की लगेच उडतोय, ही टीसी जळाल्याची लक्षणं आहेत. आजूबाजूची तीन-चार गावं एकदम अंधारात असतील तर बिघाड 11 केव्हीच्या फीडरवर किंवा सबस्टेशनमध्ये आहे, तुमच्या टीसीत नाही.

हे आधी ओळखायचं कारण असं की फ्यूज, तुटलेली तार आणि जळालेला टीसी या तिन्हींसाठी दुरुस्तीची मुदत सारखी नाही. मुदती खाली पाचव्या प्रश्नात आहेत. लाईनमन येऊन बघून गेला की कारण काय लिहिलं, हे त्याला विचाराच. टीसीला किंवा खांबाला मात्र हात लावू नका. टीसीची लाईन तोडणारा खांबावरचा स्विच, म्हणजे जीओएस, खाली ओढून आपणच फ्यूजची तार बांधायची सवय बऱ्याच गावांत आहे. पलीकडून लाईन चालू असली तर त्यात माणूस जातो.

आमची वीज नेमकी कुणाची? कुणी केईबी म्हणतं, कुणी हेस्कॉम.

जुनी माणसं अजून केईबी म्हणतात, पण आता घराघरांत वीज देण्याचं काम हेस्कॉमचं, म्हणजे हुबळी वीज पुरवठा कंपनीचं आहे. मुख्यालय हुबळीला आणि बेळगावसह सात जिल्हे तिच्याकडे. मोठ्या दाबाच्या लाईन आणि मोठी सबस्टेशनं केपीटीसीएलकडे असतात. तुमचा टीसी, गावातले खांब आणि तारा हेस्कॉमच्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. हुक्केरी तालुक्यात वीज देण्याचं काम हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संघाकडे आहे. तिथल्या माणसानं हेस्कॉमकडे अर्ज नेला तर चार दिवस वाया जातात. शंका असली तर बिलाचा वरचा भाग वाचा, नाव तिथं असतं. त्याच बिलावर आर.आर. नंबर असतो. तो मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण अंधारात बिल सापडत नाही आणि तक्रार घेणारा पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.

लाईनमनला फोन केला. तो "बघतो" म्हणाला. ही तक्रार झाली का?

नाही झाली. लाईनमनला जरूर सांगा, लवकर आला तर तोच येईल. पण दुरुस्तीची मुदत मोजायची तर तक्रार नोंदलेली असायला हवी, आणि लाईनमनच्या फोनची कुठंही नोंद नसते. बहुतेक गावांचं नुकसान इथंच होतं: तीन दिवस सगळे लाईनमनला फोन करतात आणि कार्यालयाच्या वहीत तक्रार तिसऱ्या दिवशी चढते.

1912 वर फोन करा, आर.आर. नंबर आणि गाव सांगा आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नंबर, तारीख आणि वेळ लगेच लिहून ठेवा. त्यानंतर सकाळी सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. वरची साखळी अशी: सेक्शन ऑफिसात शाखाधिकारी (एई किंवा जेई), त्याच्यावर सबडिव्हिजनचे एईई, त्यावर डिव्हिजनचे कार्यकारी अभियंता, त्यावर सर्कलचे अधीक्षक अभियंता. टीसी बदलायची मागणी शाखाधिकारी आणि एईई यांच्यामार्फतच पुढे जाते, म्हणून पहिला अर्ज थेट हुबळीला पाठवण्यात काही हशील नाही.

1912 लावला तर पलीकडचा माणूस "चंदगड का आजरा?" असं विचारतो. काय करायचं?

सीमेवरच्या गावांचा हा खास त्रास आहे. 1912 हा क्रमांक हेस्कॉमचाही आहे आणि महावितरणचाही. तुमचा फोन महाराष्ट्रातल्या टॉवरला लागलेला असला तर तक्रार तिकडं जाऊ शकते. तिकडच्या माणसाला तुमचा आर.आर. नंबर सापडणार नाही, आणि त्यानं गैरसमजानं नंबर दिला तरी तो इकडं उपयोगाचा नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला किंवा उंचावर जाऊन, फोनवर नेटवर्क कोणतं दाखवतंय ते बघून पुन्हा लावा. पहिलंच वाक्य "हेस्कॉम का?" असं विचारा. सेक्शन ऑफिसचा आणि सबडिव्हिजनचा फोन नंबर पावसाळ्याआधी तिथल्या फलकावरून लिहून आणा. सकाळचा लेखी अर्ज असेल तर फोन चुकल्याचं नुकसान थोड्या तासांपुरतंच राहतं.

दुरुस्ती किती वेळात व्हायला पाहिजे? हे कुठं लिहिलंय?

वीज कायदा 2003 नुसार कर्नाटक वीज नियामक आयोगानं, म्हणजे केईआरसीनं, 2004 मध्ये वीज कंपन्यांसाठी सेवेचे किमान निकष ठरवले. त्यांत ग्रामीण भागासाठी मुदती अशा आहेत: फ्यूज उडाला तर 24 तास, लाईन तुटली तर 24 तास, टीसी बिघडला तर 72 तास. शहरात फ्यूजसाठी 6 तास, लाईनसाठी 6 तास (खांब मोडला असेल तर 10) आणि टीसीसाठी 24 तास. ठरवून केलेली बंदी एका दमात 12 तासांपेक्षा जास्त असू नये आणि संध्याकाळी 6 पर्यंत वीज परत यावी, असंही त्यात आहे.

ही मुदत तासांत आहे, त्यामुळे "मध्ये रविवार आला" हे उत्तर चालत नाही. निकषांचा तक्ता कार्यालयात लावलेला असायला हवा. तिथं गेलात की आधी त्याचा फोटो काढा. पुढचं बोलणं त्या फोटोवर बोट ठेवून करता येतं.

एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा.

समजा, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचं एक गाव आहे. 80 घरं, सुमारे 400 माणसं. गावात दोन टीसी. देवळाजवळच्या टीसीवर 45 घरं आणि पाण्याच्या बोअरची मोटर. मंगळवारी रात्री 9:40 ला आवाज होऊन तो टीसी जातो.

रात्री 10:10 ला एकजण 1912 वर तक्रार करतो आणि नंबर घेतो. 72 तास इथून सुरू, म्हणजे मुदत शुक्रवारी रात्री 10:10 ला संपते. हाच फोन बुधवारी दुपारी 4 ला केला असता तर मुदत शनिवारी दुपारी 4 पर्यंत लांबली असती.

बुधवारी सकाळी 8 ला लाईनमन येतो, फ्यूज घालून बघतो, तो लगेच उडतो. "टीसी गेला," असं तो सांगतो. गावकरी टीसीवरचा नंबर आणि क्षमता (25, 63 किंवा 100 केव्हीए, पाटीवर रंगवलेली असते) लिहून घेतात. त्याच दिवशी दोन अर्ज तयार होतात. एक सेक्शन ऑफिसला, त्यात तक्रारीचा नंबर, टीसीचा नंबर, बंद पडलेल्या पाच-सहा घरांचे आर.आर. नंबर आणि "या टीसीवर पिण्याच्या पाण्याची मोटर आहे" हे स्पष्ट वाक्य. दुसरा ग्रामपंचायतीच्या पीडीओंना, पाण्यासाठी. दोन्ही प्रतींवर शिक्का.

त्याच वेळी पाण्याचा हिशोब करायचा. जल जीवन मिशनचं माप दर माणशी दर दिवशी 55 लिटर, म्हणजे 400 माणसांना 22,000 लिटर. टाकीत मंगळवारी रात्री 10,000 लिटर उरलं होतं. म्हणजे बुधवारी दुपारपर्यंतच पुरेल. 5,000 लिटरचा टँकर असेल तर गुरुवारपासून दिवसाला चार ते पाच फेऱ्या लागतील. हे आकडे पीडीओंच्या अर्जात घातले की "बघू" या उत्तराला जागा राहत नाही. त्यांना टँकरचा किंवा जवळच्या खासगी बोअरचा निर्णय आकड्यावर घ्यावा लागतो.

गुरुवारी दुपारपर्यंत टीसीची हालचाल दिसली नाही तर एईईंना जाऊन भेटायचं, पहिल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत हातात ठेवून. प्रश्न एकच: "बदली टीसी स्टोअरमधून मंजूर झाला का, कोणत्या तारखेला?" शुक्रवारी रात्री 10:10 नंतरही अंधार असेल तर शनिवारी सकाळी मुदत मोडल्याचा तिसरा अर्ज, आणि पुढची वाट बाराव्या प्रश्नातली. टीसी आला की तो चालू झाल्याची वेळही लिहून ठेवा, भरपाईच्या मागणीला तीच शेवटची कडी आहे.

अर्ज मराठीत दिला तर घेतात का?

घ्यायलाच हवा. भारताच्या घटनेच्या 350 व्या कलमानुसार कोणत्याही माणसाला आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात आहे, त्याला कुणाचा दाखला लागत नाही. "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणून अर्ज परत केला तर अर्जातच या कलमाचा उल्लेख करा आणि तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा.

हा हक्क सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. पण अंधारात बसलेल्या गावासाठी वेळही तितकाच मोलाचा आहे. म्हणून मराठी अर्जावर कन्नडमध्ये दोन ओळी जोडा, म्हणजे टेबलावरच्या माणसाला तो लगेच कळेल. फोनवरही एवढं पुरतं: "नम्म ऊरल्लि टीसी सुट्टिदे. दूरु संख्ये कोडि." आमच्या गावात टीसी जळलाय, तक्रारीचा नंबर द्या, असा त्याचा अर्थ. कार्यालयात टीसीला "विद्युत परिवर्तक", पोचला "स्वीकृती" म्हणतात. "स्वीकृती कोडि" म्हटलं की शिक्का मिळतो.

अर्जाचा मजकूर असा ठेवा:

"मा. शाखाधिकारी यांस. विषय: (गाव) येथील टीसी क्रमांक (…) जळाल्याबाबत. दि. (…) रोजी रात्री 9:40 वाजता वरील टीसी बंद पडला. तक्रार क्रमांक (…), नोंद वेळ रात्री 10:10. या टीसीवर 45 घरं आणि गावच्या पिण्याच्या पाण्याची मोटर आहे. केईआरसीच्या सेवा निकषांनुसार 72 तासांत, म्हणजे दि. (…) रोजी रात्री 10:10 पूर्वी, टीसी बदलून द्यावा. कोणत्या दिवशी बदलणार ते लेखी कळवावं. सोबत ग्राहकांची नावं, आर.आर. नंबर आणि सह्या."

रागाची वाक्यं घालू नका. तारीख, वेळ आणि नंबर हेच या अर्जातलं बळ.

टीसी आणायला ट्रॅक्टर तुम्हीच आणा, वाहतुकीचे पैसे काढा, असं सांगतात. द्यायचे का?

टीसी कंपनीच्या मालकीचा आहे. तो काढणं, नेणं, दुरुस्त करणं आणि बदली बसवणं हा कंपनीचा खर्च आहे. त्यासाठी ग्राहकांनी वर्गणी काढायची गरज नाही. तरी पेरणी तोंडावर असते, पाणी बंद असतं, आणि माणसं वर्गणी काढून मोकळी होतात. मी त्यांना दोष देत नाही. फक्त द्यायचेच झाले तर कुणी, कधी, कशासाठी मागितले ते लिहून ठेवा आणि पावती मागा. पावती मागितल्यावर बऱ्याचदा मागणीच मागे घेतली जाते. ट्रॅक्टर स्वतःच्या खुशीनं दिला तरी 72 तास थांबत नाहीत.

लाईट नसल्यामुळे पाणी नाही. मग पाण्याला जबाबदार कोण? दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

इथं दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि त्या वेगळ्या अर्जांत मांडल्या तरच सुटतात. वीज आणून देणं हे वीज कंपनीचं काम. गावाला पाणी देणं हे ग्रामपंचायतीचं. वीज नाही म्हणून पंचायतीची जबाबदारी संपत नाही, तेवढ्या दिवसांसाठी दुसरी सोय तिनं करायची असते: टँकर, खासगी बोअर भाड्यानं घेणं, नाहीतर गावातल्या दुसऱ्या टीसीवरच्या बोअरला पाइप जोडणं.

पंचायतीत अर्ज पीडीओंच्या नावानं द्या, वॉटरमनच्या नाही. ते हलले नाहीत तर तालुका पंचायतीचे कार्यकारी अधिकारी, त्यापुढं जिल्हा पंचायतीचे सीईओ. मोटर जळाली, बोअर आटली, बहुग्राम योजनेची मुख्य पाइप फुटली, असं काही असेल तर ग्रामीण पिण्याच्या पाणी विभागाच्या तालुक्यातल्या अभियंत्यांनाही प्रत द्या, कारण तांत्रिक काम त्यांचं. राज्य सरकारच्या जनस्पंदन केंद्राचा 1902 हा फोनही पाण्याच्या तक्रारीसाठी चालतो. तिथंही नंबर घ्या.

55 लिटर हे माप योजनेचं आहे. ते मिळालं नाही म्हणून विजेसारखी ठरलेली भरपाई पाण्याला नाही. पण अर्जात लिहायला तोच आकडा सगळ्यांत उपयोगी पडतो.

गावात सगळीकडे लाईट आहे, तरी पाण्याची मोटर बंद आहे. हे कसं?

तीन कारणं असू शकतात. एक फेज गेला असेल, तर पहिल्या प्रश्नातलं बघा. मोटर शेतीच्या फीडरवर असेल, तर तिला घरांसारखी दिवसभर वीज नसते. निरंतर ज्योती योजनेत घरांची लाईन आणि शेतीची लाईन वेगळी केली गेली, पण काही जुन्या बोअर अजून शेतीच्या लाईनवर आहेत आणि शेतीला तीन फेजची वीज 7 तास देण्याचं धोरण आहे. अशा गावात तक्रार "लाईट गेली" अशी करू नका. पंचायतीनं मोटर निरंतर ज्योतीच्या लाईनवर घेण्यासाठी अर्ज करावा, अशी मागणी ग्रामसभेत ठरावानं करा.

तिसरं कारण पंचायतीचं थकलेलं वीजबिल. थकबाकीसाठी जोडणी तोडायची तर वीज कायद्याच्या 56 व्या कलमानुसार पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी लागते. पीडीओंना मोटरचा आर.आर. नंबर आणि ती नोटीस मागा. नोटीस आलेली असून पैसे भरले नसतील तर इथं वीज कंपनीच्या दारात उभं राहून उपयोग नाही. जबाब पंचायतीनं द्यायचा आहे. आणि नोटीस आलीच नसेल तर तोडणीच चुकीची, हा मुद्दा पंचायतीनं तातडीनं लेखी मांडायचा.

साहेब म्हणाले "उद्या संध्याकाळपर्यंत". पुढाऱ्यांनी "24 तासांत" सांगितलं. तो शब्द धरता येतो का?

कायद्यानं धरता येतो तो 72 तासांचा निकष. तोंडी शब्द आणि सभेतली घोषणा त्यात बसत नाही. पण तोंडी शब्द लेखी करून घेता येतो. भेटून आल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्या: "आज दि. (…) रोजी आपण उद्या संध्याकाळी 6 पर्यंत टीसी बसवण्याचं सांगितलं, त्याबद्दल आभारी आहोत." पत्राला शिक्का घ्या. कुणी ते नाकारत नाही, कारण त्यात तक्रार नसते. पुढं शब्द पाळला गेला नाही तर हेच पत्र ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढं उपयोगी पडतं.

ठरवून केलेल्या बंदीची सूचना पेपरात किंवा व्हॉट्सॲपवर आली असेल तर तिचं कात्रण, स्क्रीनशॉट ठेवा. त्यात दिलेली वेळ उलटली की ती साधी बंदी राहत नाही, मग नेहमीसारखी तक्रार नोंदवा.

72 तास उलटले. आता कुठं जायचं?

आधी एईई आणि कार्यकारी अभियंता यांना मुदत मोडल्याचं पत्र. सबडिव्हिजनमध्ये दर तीन महिन्यांनी ग्राहक संवाद सभा होते, तिची तारीख विचारा आणि तिथं लेखी प्रश्न द्या. सभेत दिलेल्या उत्तराची नोंद राहते.

त्यावर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. वीज कायद्याच्या 42 व्या कलमानुसार प्रत्येक वितरण कंपनीला तो ठेवावा लागतो, आणि वकील लागत नाही. तुमचे शिक्के मारलेले अर्ज, तक्रारीचा नंबर, टीसी चालू झाल्याची वेळ, एवढं जोडा. मंचाच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर बेंगळूरला विद्युत लोकपालांकडे जाता येतं. मंचाकडे न जाता थेट लोकपालांकडे गेलात तर अर्ज परत येतो.

कार्यालय तक्रारीची तारीखच मान्य करत नसेल तर माहितीच्या अधिकारात त्या दिवसाच्या तक्रार नोंदवहीची आणि जळालेल्या टीसींच्या नोंदवहीची प्रत मागा. शुल्क 10 रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून प्रश्न दोनच ठेवा.

भरपाई मिळते का? आमचं बिल तर गृहज्योतीमुळे शून्य येतं.

निकष मोडला तर बाधित ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद वीज कायद्याच्या 57 व्या कलमात आहे. रक्कम छोटी असते, ती त्याच तक्त्यात लिहिलेली असते. एका घराला ती किरकोळ वाटेल, पण 45 घरांनी प्रत्येकी अर्ज केला की त्या टीसीची फाईल वर जाते आणि पुढच्या वेळी कार्यालय त्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं. म्हणून सगळ्यांचे मिळून एक न करता प्रत्येकाच्या आर.आर. नंबराचा वेगळा अर्ज करा.

गृहज्योतीत तुमचं बिल सरकार भरतं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं होत नाही. आर.आर. नंबर तुमच्या नावावर आहे, हक्कही तुमचा आहे. भाडेकरूंनी मालकाकडून बिलाची प्रत घेऊन अर्ज करावा.

वादळात झाडं पडली. तेव्हाही 72 तास लागू होतात का?

कणकुंबी, जांबोटी भागात जून-जुलैत हा प्रश्न दरवर्षी येतो. पूर, वादळ, वीज पडणं अशा आपत्तीत निकष तात्पुरते लागू राहत नाहीत, अशी सूट कंपनीला आहे. पण आपत्तीचं कारण तुमच्याच बिघाडाला लागू व्हायला हवं. तालुक्यात कुठं तरी वादळ झालं म्हणून तुमच्या गावात स्वच्छ हवेत जळालेला टीसी त्यात बसत नाही. म्हणून टीसी गेला त्या रात्रीचं हवामान अर्जात एका ओळीत लिहा आणि पडलेल्या झाडाचा किंवा न पडलेल्या झाडांचा फोटो काढा.

लाईनवर वाकलेली फांदी उन्हाळ्यात दिसली आणि तेव्हा तुम्ही ती छाटण्याचा अर्ज दिला असेल, तर जुलैत तीच फांदी पडल्यावर आपत्तीचं कारण सांगणं कंपनीला जड जातं. एप्रिलमध्येच असे अर्ज देऊन ठेवा. झाड जंगलखात्याच्या हद्दीत असेल तर प्रत त्यांनाही.

हिंडलगा, कंग्राळी ही आता शहरच झाली आहेत. आम्हाला 24 तास की 72?

दिसायला शहर असलं तरी जिथं ग्रामपंचायत आहे तिथं कार्यालय ग्रामीण मुदत सांगणार, हे धरून चाला. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत असेल तर शहराची मुदत मागा. पाण्याचंही तसंच: ग्रामपंचायत असेल तर पीडीओ, बेळगाव शहरात असाल तर शहर पाणीपुरवठ्याचं कार्यालय, आणि कॅम्पात असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड. घरपट्टीची पावती कुणाच्या नावाची आहे ते बघा, त्यावरून हद्द कळते.

नवा टीसी बसवला, आठवड्यात तोही जळला. पुन्हा 72 तास थांबायचं का?

नव्या बिघाडाची नवी तक्रार, नवा नंबर, नवी मुदत. जुन्या नंबरावर बोलत राहू नका. पण अर्जात जुन्याचा उल्लेख करा, कारण लागोपाठ जळणारा टीसी म्हणजे बहुतेक वेळा त्याच्यावरचा भार जास्त आहे.

साधा हिशोब असा. 25 केव्हीएचा टीसी प्रत्येक फेजला साधारण 33 अँपिअर देतो. 5 एचपीची एक मोटर सातेक अँपिअर घेते. म्हणजे चार मोटरी एकदम चालू झाल्या की तो जवळजवळ भरला, घरं वेगळीच. 63 केव्हीएला ही मर्यादा 84 अँपिअरच्या आसपास जाते. तुमच्या टीसीवर किती मोटरी, किती घरं हे मोजून अर्जात लिहा आणि दोन मागण्या करा: संध्याकाळी 7 ते 9 च्या दरम्यान तिन्ही फेजचा भार मोजून आकडे कळवावेत आणि त्यानुसार क्षमता वाढवावी किंवा दुसरा टीसी बसवावा. तिन्ही फेजचे आकडे वेगवेगळे मागा. बऱ्याच गावांत एकाच फेजवर सगळी घरं जोडलेली असतात, बाकी दोन रिकामे, आणि तेवढंच बरोबर वाटून दिलं तरी टीसी टिकतो.

तारेवर हुक टाकून चोरून चालवलेल्या मोटरी धरू नका, नोंदलेल्याच मोजा, आणि गावात हुक असतील तर ते काढून मग अर्ज द्या. भार मोजायला आलेला माणूस आधी तेच बघतो, आणि हुक दिसले की क्षमतावाढीचा अर्ज तिथंच अडतो.